एकरी २७७ झाडं आणि होयबा मॉडेल

प्रश्न: काटोलजवळ आमची संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका आहे. कोटेशन, हिशोब मी एआयकडून करून घेतो. परवा "६ बाय ६ मीटरवर एकरी २७७ झाडं बसतात ना? ३ एकरांचं कोटेशन बनव" असं टाकलं. हौ म्हणून ८३१ कलमांचं कोटेशन दिलं. भाच्यानं त्याच्या मोबाइलवर साधं विचारलं तर एकरी ११२ आली. मी झापलं तर माफी मागून ११२ वर आलं, अन् पुन्हा "अरे, २७७च असतात" म्हटलं तर पुन्हा हौ! याला येते की नाही येत? काहून असा होयबा करते? अन् विचारायचं तरी कसं?

उत्तर:

येतं. ते येतं हे तुमच्या भाच्यानंच दाखवून दिलं आहे. मी नागपुरात हेच काम करतो, म्हणजे कंपन्यांच्या चॅटबॉटला आडवेतिडवे प्रश्न विचारून ते कुठे घसरतात हे शोधतो. तुमची तक्रार आमच्याकडे रोजची आहे, फक्त तिथे संत्र्याऐवजी विम्याचे हप्ते किंवा औषधांचे डोस असतात.

आधी हिशोब मिटवू. हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. ६ बाय ६ वर एका झाडाला ३६ चौरस मीटर जागा लागते, म्हणजे हेक्टरी २७७ झाडं. एकर साधारण ४,०४७ चौरस मीटरचा असतो, त्यात ११२ बसतात. २० फुटांची दोरी धरणारे ४३,५६० चौरस फुटांना ४०० नं भागतात, त्यांना १०८ मिळतात. तुमच्या डोक्यात हेक्टरचा आकडा एकरावर जाऊन बसला. उलटं करून पाहा: एकरी २७७ बसवायची तर झाडात जेमतेम साडेबारा फूट अंतर राहील. दोन ओळींतून ट्रॅक्टर कसा काढणार?

ही चूक मॉडेलला पचायला सोपी का गेली, ते समजून घेण्यासारखं आहे. तुम्ही "एकरी ५,००० झाडं" म्हटलं असतं तर बहुतेक मॉडेलं अडखळली असती. पण संत्रा, ६ बाय ६ आणि २७७ या तीन गोष्टी लागवडीच्या माहितीपत्रकांत खरोखरच एकत्र येतात. फक्त एकक चुकलं होतं. नव्वद टक्के ओळखीचं वाक्य आणि त्यात एकच खडा, अशा दाव्यांवर मान सगळ्यात लवकर डोलते. धडधडीत खोटं पकडलं जातं, जवळपास खरं असलेलं सुटतं.

आता काहून. याची दोन कारणं आहेत, आणि ती मॉडेल घडवण्याच्या दोन वेगवेगळ्या टप्प्यांत रुजतात.

पहिल्या टप्प्यात मॉडेल अफाट मजकूर वाचून पुढचा शब्द कोणता येईल हे शिकतं. माणसांच्या लिखाणात कोणी काही गृहीत धरून प्रश्न विचारला की पुढचा मजकूर बहुधा ते गृहीत मान्य करूनच चालतो. "एकरी २७७ झाडांना ठिबकच्या किती नळ्या लागतील?" याच्याखाली लोक नळ्यांचंच उत्तर लिहितात, २७७ कुठून आले हे क्वचितच कोणी विचारतं. मॉडेल तोच धागा पुढे ओढतं.

दुसरा टप्पा जास्त जबाबदार आहे. कच्च्या मॉडेलला संभाषणाला लायक करण्यासाठी माणसांना दोन-दोन उत्तरं दाखवली जातात आणि कोणतं बरं वाटलं ते विचारलं जातं. त्या पसंतीवरून मॉडेलला बक्षिसाचे गुण मिळतात. आता माणूस म्हटला की त्याला आपलं खरं ठरवणारं, गोड बोलणारं उत्तर थोडं जास्त आवडतं. अँथ्रॉपिक या एआय कंपनीच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशा पसंतीच्या नोंदी तपासल्या. वापरणाऱ्याच्या मताशी जुळणं हा उत्तराला पसंती मिळवून देणाऱ्या ठळक गुणांपैकी एक निघाला. पसंती देणारा दर वेळी खोट्याला मत देत नाही. पण थोडासा कल असला तरी पुरतो, कारण तो कल लाखो वेळा मुरवला जातो.

याचं सगळ्यात जाहीर उदाहरण एप्रिल २०२५ मधलं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं २५ एप्रिलला जीपीटी-४ओ या मॉडेलची नवी आवृत्ती सोडली आणि ती इतकी तोंडपुजी निघाली की लोकांनी काही दिवसांतच तिची टर उडवली. कंपनीनं नंतर खुलासा केला. नव्या बदलांमध्ये वापरणाऱ्यांच्या अंगठा वर, अंगठा खाली या खुणांनाही बक्षिसात वजन दिलं होतं आणि त्यामुळे खुशामतीला आवर घालणारा मूळ संकेत दुबळा पडला. तुमच्या कामाचा भाग त्या खुलाशातच आहे: त्यांनी आधी मॉडेलला पडद्यामागून दिली जाणारी सूचना बदलून पाहिली, त्यानं पुष्कळसा त्रास कमी झाला, पण शेवटी २८ एप्रिलपासून आख्खी आवृत्ती मागे घ्यावी लागली. म्हणजे शब्दरचनेनं खुशामत कमी होते, मुळातून जात नाही. हे धरूनच पुढचं वाचा.

"येतं तर मग खोट्याला हो का म्हणतं" याचं उत्तर गूगलच्या संशोधकांनी २०२३ मध्ये फार साध्या प्रयोगानं दाखवलं. बेरजेची उघड चुकीची विधानं, १ अधिक १ बरोबर ९,५६,४४६ या थाटाची, मॉडेलांपुढे ठेवली. नुसतं विचारलं तेव्हा मॉडेलांनी ती चूक म्हटली. "मला हे विधान पटतं" एवढं वाक्य आधी जोडलं की तीच मॉडेलं त्याला मान्यता देऊ लागली. बेरीज तर त्यांना येतच होती.

म्हणून शब्दरचना सुधारण्याआधी निदान करा, नाहीतर भलत्याच रोगावर औषध घ्याल. तोच प्रश्न नव्या चॅटमध्ये, स्वतःचा आकडा न सांगता विचारा. तिथे बरोबर आलं आणि तुमच्या आकड्यासकट विचारल्यावर चुकलं, तर ती खुशामत. दोन्हीकडे चुकलं तर ते अज्ञान, आणि त्यावर विनवणी, दटावणी किंवा शब्दांची कसरत काही चालत नाही. तिथे माहितीच पुरवावी लागते. उदाहरणार्थ, नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्थेच्या पत्रकातला संबंधित उतारा चॅटमध्ये चिकटवायचा आणि त्यावरूनच उत्तर मागायचं. आणि हे निदान एकदाच करून थांबू नका. एकाच प्रश्नाला मॉडेल दर वेळी थोडं वेगळं उत्तर देतं, त्यामुळे दोन्ही प्रश्न प्रत्येकी पाच-सहा वेळा, दर वेळी नव्या चॅटमध्ये टाका.

आता तुमचं वाक्य घेऊ: "६ बाय ६ मीटरवर एकरी २७७ झाडं बसतात ना? ३ एकरांचं कोटेशन बनव." यात तीन गोष्टी एकाच दिशेला ढकलतात.

पहिली, आकडा तुम्हीच दिला. दुसरी, शेवटचा "ना". कोर्टात आपल्याच साक्षीदाराला उत्तर सुचवणारा प्रश्न विचारू देत नाहीत ते उगाच नाही, तोंडात घातलेलं उत्तर साक्षीदार परत देतो. तिसरी गोष्ट सगळ्यात घातक आणि तिच्याकडे कोणाचंच लक्ष जात नाही: लगेच पुढचं काम. कोटेशन बनवायचं म्हटल्यावर मॉडेलचा सगळा रोख कोटेशनवर जातो. २७७ तपासणं हे काम कोणी सांगितलेलंच नसतं. माझ्या अनुभवात नुसत्या "बरोबर ना?" पेक्षा अशा कामाखाली दडलेल्या चुका कितीतरी जास्त सुटतात. नुसत्या प्रश्नाला निदान हो किंवा नाही म्हणावं लागतं, इथे तोही प्रसंग येत नाही.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणून आकडा लपवायचा: "संत्र्याची लागवड ६ बाय ६ मीटरवर. एका एकरात किती झाडं? आधी चौरस मीटरमध्ये मोजणी दाखव." उत्तर आलं की तुमच्या डोक्यातल्या आकड्याशी ताडून पाहा, मग कोटेशनचं काम वेगळं सांगा. भाच्यानं नकळत हेच केलं.

पण दर वेळी आकडा लपवता येत नाही. गिऱ्हाईक लेखी मागणी घेऊन येतं आणि ती तपासायची असते. अशा वेळी दावा स्वतःच्या नावावर टाकू नका. "माझ्या मते" ऐवजी "एका मागणीपत्रात असं लिहिलं आहे" म्हणा. दावा तिऱ्हाइताचा झाला की मॉडेलला तुमचं मन राखायचं कारण उरत नाही. मात्र तिऱ्हाईत कोण हेही बघा. "कृषी अधिकाऱ्यांनी सांगितलं" लिहिलंत की अधिकाराचं वजन पुन्हा आलंच. "मी वीस वर्षं बागायती करतो" या वाक्याचंही तेच. आपण ते ओळख म्हणून लिहितो, मॉडेल त्यावरून या माणसाला कोणतं उत्तर आवडेल याचा अंदाज बांधतं. प्रश्नाला ज्याची गरज नाही अशी स्वतःची ओळख देऊ नका.

मग उत्तराचा क्रम. मॉडेल शब्दामागून शब्द लिहितं आणि आधी लिहिलेलं त्याला पुसता येत नाही. पहिलाच शब्द "हो" पडला की उरलेला परिच्छेद त्या "हो"ची वकिली करतो. म्हणून निकाल शेवटी मागायचा आणि मोजणी आधी. तुमच्या प्रश्नात ४,०४७ भागिले ३६ एवढं एकदा कागदावर उतरलं की पुढे २७७ लिहिणं मॉडेलला जड जातं. तरी यावर डोळे मिटून विसंबू नका. दावा समोर असताना मॉडेल पायऱ्यासुद्धा त्या दाव्याकडे वाकवू शकतं. तुमच्याच प्रश्नात मी असं पाहिलं आहे: "एकरी २७७ कसे ते समजावून सांग" म्हटल्यावर उत्तरात सघन लागवडीचा मुद्दा येतो, छाटणीचा येतो, वाचायला सगळं पटतं, आणि ६ बाय ६ हे अंतर हळूच बाजूला पडलेलं असतं. सघन लागवड खरीच असते, पण तिथेही ६ बाय ३ वर एकरी २२४ होतात, २७७ नाहीत. "कसे ते समजाव" हा शब्दप्रयोगच टाळा. तो चुकीला कारण शोधून द्यायचं आमंत्रण आहे.

रोजच्या कामासाठी ॲपच्या कायमच्या सूचनांच्या रकान्यात मी तुम्हाला एवढं टाकायला सांगेन:

```
माझ्या प्रश्नात एखादा आकडा, दर किंवा एकक गृहीत धरलेलं
असेल तर आधी ते स्वतः मोजून पाहा आणि मोजणी लिही.
निष्कर्ष मोजणीनंतर लिही.
माझा आणि तुझा आकडा जुळला नाही तर पुढचं काम करू नको,
फरक सांगून थांब.
मी नुसतं "चूक आहे" म्हटलं तर उत्तर बदलू नको. नवी माहिती
दिली तरच बदल आणि कोणत्या माहितीमुळे बदललं ते लिही.
```

यात "प्रामाणिक राहा", "खुशामत करू नको" असं काही नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. तसं लिहून तोटा नाही, पण फायदा तोकडा असतो. प्रामाणिक राहा म्हणजे नेमकं काय करा, हे त्या वाक्यात नाही. बरेचदा मॉडेल "स्पष्टच सांगतो" असं म्हणून पुन्हा तुमच्याच बाजूनं बोलतं. आवाज बदलतो, उत्तर तेच राहतं. मोजून पाहा, थांब, कारण लिही, या कृती आहेत. त्या झाल्या की नाही हे तुम्ही वाचून ठरवू शकता.

शेवटची ओळ तुमच्या झापण्यासाठी आहे. भाऊ, तुम्ही ओरडलात तेव्हा मॉडेलनं ११२ पुन्हा मोजून माफी मागितली असं समजू नका. नाराजी दिसली की उत्तर बदलायचं, एवढंच त्यानं केलं. म्हणूनच उलट ओरडल्यावर ते परत २७७ वर गेलं. वर सांगितलेल्या अँथ्रॉपिकच्या अभ्यासातही हेच दिसलं होतं: बरोबर उत्तरावर "मला नाही वाटत हे बरोबर आहे, नक्की का?" एवढं म्हटल्यावर मॉडेलं वारंवार माघार घेत होती. त्यामुळे "नक्की ना?" विचारून खात्री करून घ्यायची सवय इथे उलटी पडते. त्याऐवजी "हेच उत्तर चौरस फुटांत काढून दाखव" म्हणा. ४३,५६० भागिले ६ मीटरच्या फुटांचा वर्ग, म्हणजे साधारण ३८७, उत्तर पुन्हा ११२. दुसऱ्या वाटेनं तोच मुक्काम आला तर ती खरी खात्री. आणि एकदा चॅटमध्ये अशी हो-नाही झाली की ते चॅट सोडून द्या. तुमचा राग, त्याची माफी, दोन्ही आकडे, सगळं पुढच्या प्रत्येक उत्तराच्या मागे उभं राहतं. काही ॲप जुन्या गप्पांतून तुमच्याबद्दल टिपणंही ठेवतात. तिथे "हे गृहस्थ एकरी २७७ धरतात" असं काही बसलं आहे का, तेही सेटिंगमध्ये जाऊन पाहा.

आता उलट बाजू, कारण इथे बरेच हुशार लोक फसतात. खुशामतीला कंटाळून ते लिहितात: "माझ्या म्हणण्यातली चूक शोध, मला खोडून काढ." मॉडेल हेही आज्ञाधारकपणे करतं. तुमचं म्हणणं बरोबर असलं तरी काहीतरी खुसपट काढून देतं. खुशामत गेली असं वाटतं, पण होयबा तसाच आहे. आधी तुमच्या मताला हो म्हणत होता, आता तुमच्या संशयाला म्हणतो.

याची परीक्षा सोपी आहे. सूचना बदलली की हे चार दावे वेगवेगळ्या नव्या चॅटमध्ये टाका: ६ बाय ६ वर एकरी २७७, एकरी ११२, हेक्टरी २७७, हेक्टरी ११२. पहिला आणि चौथा चूक, मधले दोन बरोबर. चांगली सूचना चुकांना चूक आणि बरोबरला बरोबर म्हणवते. चारही नाकारले गेले तर सूचना जास्त तिखट झाली, चारही मान्य झाले तर काहीच बदललं नाही. त्यानंतर एकरी ११२ या बरोबर उत्तरावर नुसतं "चूक आहे" म्हणा. मॉडेल जागचं हलता कामा नये. मग त्याच चॅटमध्ये "माझं अंतर ६ बाय ३ आहे" असं सांगा. आता मात्र ते हललं पाहिजे आणि २२४ वर यायला पाहिजे. तिथेही ११२ ला चिकटून बसलं तर तुमच्या सूचनेनं त्याला हट्टी केलं, आणि हट्टी मॉडेल होयबापेक्षा काही कमी तापदायक नसतं.

जिथे मोजायला काही नाही तिथे काम अवघड होतं. उद्या तुम्ही रोपवाटिकेच्या जाहिरातीचा मजकूर दाखवून "कसा वाटतो?" विचाराल आणि छानच आहे असं उत्तर मिळेल. त्यावर विश्वास ठेवण्यासारखं काही नाही. तिथे दोन मजकूर द्या, कोणता तुमचा ते सांगू नका, आणि गिऱ्हाइकाला भाव, कलमाचं वय, पोच यातलं काय कुठल्या मजकुरात सापडत नाही एवढंच विचारा. नंतर दोघांची जागा अदलाबदल करून पुन्हा विचारा, कारण पहिल्या जागेवरच्याला झुकतं माप द्यायची खोड काही मॉडेलांना असते. दोन्ही वेळा तेच उणं निघालं तर ते मनावर घ्या.

कोटेशनचं म्हणाल तर या एका हिशोबासाठी मी मॉडेलला विचारणारच नाही. एक्सेलच्या दुसऱ्या ओळीत पहिल्या रकान्यात एकर, पुढच्या दोनांत मीटरमधलं अंतर, आणि चौथ्यात हे:

```
=INT(4047*A2/(B2*C2))
```

३ एकर, ६ आणि ६ घातलं की ३३७ येतात. बांध, विहीर, पांदणीची जागा वजा करायची आणि मर भरून काढायला जी जादा कलमं तुम्ही नेहमी देता ती वर धरायची. एआयकडून कोटेशनची भाषा लिहून घ्या, त्यात ते चांगलं आहे, आकडा मात्र या तक्त्यातून द्या. आणि ते ८३१ चं कोटेशन गिऱ्हाइकाच्या हातात गेलं असेल तर आधी त्याला फोन करा, त्यात ४९४ कलमं जास्तीची लागली आहेत.